कार्यबाहुल्यामुळे

रविवारी दुपारी तीनला बेल वाजली. दारात वाचनालयाचे चिटणीस काका, हातात पेढ्यांचा पुडा. मुलांची लग्नं दूर, निकाल लागून गेलेले, तरी पेढे, म्हणजे मला कुठल्या तरी पदावर बसवणार हे दारातच कळलं. काकांनी पाणी प्यायलं, उन्हाळ्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, "ताई, नव्या कार्यकारिणीत खजिनदार म्हणून तुमचंच नाव सगळ्यांच्या मनात आहे."

सगळ्यांच्या मनात माझं नाव का, तर मी एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहिते. गावात हिशेब येणारी बाई दिसली की तिला कुठे ना कुठे खजिनदार करतातच, जसं गळा बरा असला की स्वागतगीत म्हणायला लावतात.

मी म्हणाले, "बघते हं काका."

हा शब्द तोंडून गेला आणि मला आमचे अण्णा आठवले. ते याच वाचनालयाचे अकरा वर्षं चिटणीस होते. सभेची नोटीसवही घेऊन घरोघर सह्या आणायचं काम माझं. वही पुढे केली की लोक मजकूर न वाचता सही करायचे आणि "अण्णांना सांग, बघतो" म्हणायचे. मी घरी येऊन तेच सांगायची. अण्णा म्हणायचे, "म्हणजे येत नाही." आणि सभेच्या दिवशी इतिवृत्तात त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं जायचं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली.' तो अर्धा तास मला फार आवडायचा. चिवडा तेवढ्यात संपायचा.

त्याच वहीत मला एक शब्द भेटला: कार्यबाहुल्य. 'अमुक यांनी कार्यबाहुल्यामुळे राजीनामा दिला. तो खेदपूर्वक मंजूर करण्यात आला.' हे अमुक दुपारभर पारावर बसलेले दिसायचे. मी अण्णांना विचारलं की त्यांना कसलं काम? अण्णा म्हणाले, "दिवाळी अंकांच्या खरेदीवरून भांडण झालंय. ते वहीत लिहीत नाहीत." तेव्हापासून कुणी कार्यबाहुल्य म्हटलं की माझ्या मनात पारच येतो. आणि आता माझ्यावर खरोखरीचं कार्यबाहुल्य आलंय तर सांगायला हाच एक घासून गुळगुळीत झालेला शब्द!

"बघते" मात्र मी त्याच संध्याकाळी मनातल्या मनात मागे घेतलं, कारण 'बघते'चं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. सर्वसाधारण सभेत नाव वाचलं जातं, टाळ्या होतात, मग धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यायचा म्हणून कुणीतरी संमतीपत्र घेऊन सहीला येतं. तिथे नाही म्हटलं तर सगळं मुसळ केरात. नाही म्हणायचं तर सभेच्या आधी म्हणावं. एकदा मी एका मंडळात "नावापुरती राहते" म्हणून शिरले होते. सलग तीन सभांना गेले नाही आणि घटनेतल्या कलमानुसार पद रिक्त झाल्याचं पत्र घरी आलं. ते पत्र मी स्वयंपाकघराच्या खणात पुष्कळ दिवस ठेवलं होतं, अपराध्यासारखं.

शिवाय खजिनदार नावापुरता नसतो. चेकवर दोन सह्या लागतात, त्यातली एक त्याची. तो बाहेरगावी असला की ग्रंथपालाचा पगार अडतो. वाचनालयाचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि ऑडिट सप्टेंबरअखेर व्हावं लागतं. आमच्या ऑफिसातही टॅक्स ऑडिटची घाई नेमकी तेव्हाच. जुलै ते सप्टेंबर मी रात्री नऊला घरी येते आणि उभ्याउभ्या जेवते. म्हणजे वाचनालयाला माझी गरज आणि माझी गैरहजेरी एकाच महिन्यांत येणार.

हे सांगायचं कसं, यावर मी दोन दिवस घालवले. पहिला कागद फार गोड झाला. 'आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल' पासून सुरू झालेला तो कागद वाचून मलाच वाटलं, या बाईला वाचनालयात पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्यात 'पुढच्या वेळी नक्की' लिहिलं होतं. ते खोडलं, कारण पुढच्या वेळीही सप्टेंबर सप्टेंबरातच येणार आहे.

मग कंपाउंडरमामा आठवले. अण्णा त्यांना दर निवडणुकीला समितीत बोलवायचे आणि ते दर वेळी एकच उत्तर द्यायचे: "अण्णा, मला रात्रपाळी. समितीत मी जागा अडवीन. पण मे महिन्यातले चारही रविवार पुस्तकं मोजायला येईन." आणि यायचे. मी दाखल नोंदवहीतले क्रमांक मोठ्याने वाचायची, ते कपाटापाशी उभे राहून पुस्तक शोधायचे, आणि सापडलं की एकावन्नावं पान उघडायचे. ते आमच्या वाचनालयाचं गुप्त पान. पहिलं पान फाडून पुस्तक घशात घालणाऱ्याला ठाऊक नसायचं की शिक्का आणि क्रमांक एकावन्नावरही आहे. शिक्का दिसला की मामा "हं" म्हणायचे आणि मी बरोबरची खूण करायची. त्यांच्या बोटांना टिंक्चरचा वास असायचा. मामांना वाचनालयाची आस्था नाही असं कुणी कधी म्हटलं नाही.

मी तिसरा कागद मामांच्या उत्तरावरून उतरवला. खजिनदारपद घेता येणार नाही, हे पहिल्याच ओळीत. मग कारण, महिन्यांच्या नावांसकट. मग, ऑक्टोबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा ते बारा येऊन कीर्द आणि पासबुक जुळवून देईन. सही आणि चेक सोडून. हे 'सोडून' फार महत्त्वाचं, नाहीतर पद न घेता खजिनदारी गळ्यात पडते. शेवटी एक नाव सुचवलं, पोस्टातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांचं. त्यांना आधी विचारून घेतलं. न विचारता नाव सुचवणं म्हणजे आपल्या अंगावरचं झुरळ दुसऱ्यावर झटकणं.

कागद घेऊन मी स्वतःच गेले. काकांनी तो उभ्यानेच वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "बारा म्हणजे बारालाच उठणार?"

"बारालाच."

"बरं." थोडं थांबून म्हणाले, "पेढे आवडले ना?"

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कीर्द मागितली तर ग्रंथपालांनी इतिवृत्ताची वहीही पुढ्यात ठेवली. सवयीने उघडली. सभेच्या पानावर लिहिलं होतं: 'सौ. यांनी कार्यबाहुल्यामुळे असमर्थता व्यक्त केली.' माझे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, रविवार, दहा ते बारा, सगळे त्या एका शब्दात बसवलेले. आणखी वीस वर्षांनी ही वही कुणी पोरगी वाचेल आणि मला पारावर बसवेल.

मी वही मिटली आणि पासबुक उघडलं. 40 रुपयांचा फरक आला. बारा वाजले तरी सापडला नाही. सव्वाबाराला ग्रंथपाल चहा घेऊन आले आणि घड्याळाकडे बघून काहीच बोलले नाहीत.