मीटरमागे ८ सेंटीमीटर

जूनमध्ये रत्नागिरीत पाऊस लागला की भाट्याच्या किनाऱ्यावरचं माझं धावणं बंद पडतं. वाळू खचते आणि रस्त्यावर शेवाळ धरतं. यंदा जिम लावली. ट्रेडमिलच्या सपाट पट्ट्यावर ताशी १० किलोमीटरने धावायचा दोन दिवसांत कंटाळा आला, म्हणून इन्क्लाइन ८ वर नेला. वेग तोच ठेवला. तीच माझी चूक.

हा ८ आकडा टक्क्यांचा की नुसत्या लेव्हलचा, हे यंत्रावर लिहिलेलं नव्हतं. पट्टा बंद असताना त्यावर मीटरभर लांब पट्टी धरली, गवंड्याची लेव्हल ठेवून ती आडवी केली आणि खालच्या टोकाखालची फट मोजली. ८ सेंटीमीटर. म्हणजे खरोखरच ८ टक्के चढ. कोनात सांगायचं तर जेमतेम साडेचार अंश. एवढ्याशा कोनाने काय होणार, असं तेव्हा वाटलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरलो आणि पहिली चार पावलं लंगडतच टाकली. टाचेच्या वर तीनेक बोटांवर, पोटरीचा दोर टाचेकडे उतरतो तिथे चिमटीत धरलं की दुखायचं. थोडं चाललं की मोकळं व्हायचं, त्यामुळे आणखी आठवडाभर दुर्लक्ष केलं. आईचं म्हणणं, ‘खोबरेल चोळ आणि गप घरी बस.’ अर्धा सल्ला बरोबर होता, हे नंतर कळलं.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पायाला हात लावण्याआधी बाजूने काढलेला व्हिडिओ मागितला, एक सपाट पट्ट्यावरचा आणि एक चढावरचा. दोन्ही हळू करून शेजारी शेजारी लावले. सपाटीवर मी मिनिटाला १६४ पावलं टाकत होतो, म्हणजे एक पाऊल मीटरभराहून थोडं मोठं. चढावर त्याच वेगाला १७२ पावलं पडत होती आणि प्रत्येक पाऊल ९७ सेंटीमीटरवर आलं होतं. सपाटीवर माझी टाच आधी टेकते. चढावर समोरची जमीन लवकर पायाला भेटते, म्हणून चवडा आधी टेकत होता आणि टाच मागे अधांतरी राहत होती. मॅडम म्हणाल्या, “आता टाच खाली येते तेव्हा बघा. ती चवड्यापेक्षा खाली जाते, घोटा जास्त मिटतो. पोटरी आधी ताणली जाते आणि त्याच अवस्थेत तिला तुम्हाला वर ढकलायचं असतं.”

सपाटीवर हा दोर रबरासारखा ताणला जाऊन बरीचशी शक्ती परत देतो. चढावर प्रत्येक पावलाला अंग वर उचलायचं असतं, ते काम नुसत्या उसळीने भागत नाही. स्नायूंना नव्याने जोर लावावा लागतो. त्यातला मोठा वाटा नितंबांचा. व्हिडिओत चढावर माझी मांडी जास्त वर येत होती, टेकताना गुडघाही जास्त वाकलेला होता आणि तिथून कंबरेचा सांधा सरळ करत अंग वर न्यायचं होतं. पाय आपटण्याचा धक्का मात्र चढावर कमी बसतो. म्हणूनच गुडघ्याला बरं वाटत होतं आणि मी फसलो.

वेगाचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला. धावण्याचा ऑक्सिजन-खर्च काढायच्या नेहमीच्या सूत्राने, ताशी १० ला ८ टक्के चढ म्हणजे सपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खर्च. सपाटीइतकाच दम लागायला हवा असेल तर वेग ७.३ च्या आसपास हवा. ५ टक्क्यांना ८.२. माझा अहंकार या आकड्यांवर थोडा रुसला.

तीन आठवडे चढ शून्य. रोज गुडघा वाकवून आणि सरळ ठेवून, दोन्ही प्रकारे टाचा उचलायच्या, सावकाश. वाकलेल्या गुडघ्याने पोटरीच्या आतल्या स्नायूवर भार येतो, आणि धावताना गुडघा वाकलेलाच असतो. मग २ टक्क्यांपासून सुरुवात, आठवड्याला एकच टक्का वाढवायचा, तोही दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा वाढला नसेल तरच. पुढची दांडी धरायची नाही. धरली की चढाचं काम हात खातात आणि पडद्यावरचा आकडा फुशारकीपुरता उरतो.

ऑक्टोबरात ऊन पडल्यावर रत्नदुर्गाच्या रस्त्याला लागलो. भगवतीच्या देवळापर्यंतचा चढ पूर्वी मला तीनदा थांबवायचा, या वेळी एकदाही थांबलो नाही. पोटरी शांत, नितंबांना मात्र काम केल्याची जाणीव. खूश होऊन उतारावर मोकळा सुटलो.

दुसऱ्या दिवशी मांड्यांचा पुढचा भाग असा धरला की जिना उलटा, कठडा धरून उतरलो. चार महिने पट्ट्यावर मी फक्त चढत होतो. उतारावर मांडी लांबत असतानाच अंगाला ब्रेक लावते, आणि ते काम तिने जूनपासून केलंच नव्हतं. मॅडमना फोन केला तर त्या हसल्या. म्हणाल्या, “तुमच्या जिमच्या पट्ट्याला उतार आहे का?” नाही. मग आता आठवड्यातून एकदा देवळापासून खाली, अर्ध्या वेगाने, छोट्या पावलांनी.