स्टॉकहोममध्ये ‘काळे’ म्हणवून घेताना

आमचं आडनाव काळे. पासपोर्टवर Kale. इथल्या ऑफिसात इंग्रजी बोलणारे सहकारी ते ‘केल’ असं वाचायचे, कारण त्याच स्पेलिंगची एक पालेभाजी त्यांना ओळखीची आहे. स्वीडिश लोक शेवटचा e उच्चारतात, म्हणून त्यांच्या तोंडी ते ‘काले’ व्हायचं. जवळ आलं, पण ळ नाहीच. काल आणि काळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ यांत आपल्याला जेवढं अंतर वाटतं तेवढंच मला काले आणि काळे यांत वाटतं.

आधी सगळे नेहमीचे उपाय केले. L खाली टिंब दिलेलं ḷ हे अक्षर अभ्यासक वापरतात, पण ज्याला त्याचा अर्थ ठाऊक नाही तो टिंबाकडे न बघता साधा ल वाचतो, आणि कितीतरी फॉर्म ते अक्षर घेतच नाहीत. संगणकावर मराठी टाइप करताना काही पद्धतींत ळसाठी मोठा L लागतो. म्हणून kaLe लिहून पाहिलं. वाचणाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटली, आणि पासपोर्टसारखं सगळंच मोठ्या अक्षरांत आलं की ती खूणही पुसली जाते. Kalhe लिहिलं तर ‘काल्हे’ ऐकू आलं. एका मित्राने तमिळ-मल्याळममधला zh सुचवला. पण तो मुळात वेगळ्या ध्वनीसाठी आहे, आणि ज्याला ती पद्धत माहीत नाही तो सरळ झ म्हणतो.

उत्तर सापडलं ते स्वीडिशच्या वर्गात. बाईंनी फळ्यावर pärla लिहिलं, म्हणजे मोती, आणि वाचलं. मला स्वच्छ ‘पॅळा’ ऐकू आलं! मी पुन्हा म्हणायला लावलं. मग härlig, म्हणजे सुंदर, आनंददायी. तेही ‘हॅळिग’. Karl हे नाव तर चक्क ‘काळ’. स्वीडिशमध्ये r च्या लगेच पुढे l आला की दोन्ही मिळून एकच ध्वनी होतो. r वेगळा उरत नाही, तो फक्त जिभेचं टोक मागे वळवतो आणि तिथेच l होतो. आपलं मूर्धन्य ळ म्हणजे दुसरं काय?

घरी येऊन कागदावर Karle लिहिलं आणि शेजारच्या काकूंना वाचायला दिलं. ‘काळे’! त्यांचा आ किंचित ऑ कडे झुकतो, आणि आपण दोन स्वरांमध्ये ळ म्हणताना जीभ जशी झटक्यात खाली आणतो, तसं न करता त्या ती जरा जास्त वेळ टाळूला टेकवून ठेवतात. पण ऐकणाऱ्या मराठी माणसाला तो ळच वाटेल.

ही युक्ती चालते कुठे, हे मात्र नीट पाहावं लागतं. माल्मोकडचे, म्हणजे दक्षिणेतले लोक r घशातून काढतात, त्यामुळे तिथे r आणि l जुळत नाहीत. ऑफिसातल्या तिकडच्या एकाने Karle वाचलं तेव्हा आधी घशातली घरघर आणि मग साधा ल आला. अमेरिकन माणूस त्याच अक्षरांचं ‘कार्ल’ करेल, लंडनचा माणूस बहुधा ‘काल’. मराठी माणूस तर कार्ले हे वेगळं आडनावच वाचेल. म्हणून इंग्रजी वाचणाऱ्यांना मी Kah-lay एवढंच लिहून देते. त्यात ळ नसतो, पण निदान केल होत नाही. ज्याला हौस असेल त्याला समोरासमोर सांगते: जिभेचं टोक मागे वळव, टाळूला लाव आणि तिथेच l म्हण.

आणि हे सगळ्या नावांना लागू पडत नाही. काळे, बाळ यांत ळच्या आधी दीर्घ स्वर आहे, आणि त्यावर स्वीडिश माणूस आपसूक जोर देतो, त्यामुळे rl छान बसतं. कांबळेमध्ये ळच्या आधी हलका अ आहे. Kambarle लिहिलं की वाचणारा मधल्या ‘बा’वर जोर देतो आणि नाव ‘कांबाळे’ होतं. तिथे मी Kamble च राहू देईन. ळ गेला तरी नावाची लय टिकते.

कागदोपत्री मी काहीही बदललं नाही, आणि कुणी बदलू नये असं मला मनापासून वाटतं. पासपोर्ट, बँक, भाड्याचा करार, सगळीकडे Kale च. एका ठिकाणी r आला की पुढे दोन नावं एकाच माणसाची आहेत हे पटवत बसावं लागेल. उच्चार वेगळा लिहायचा. मुलीच्या शाळेत मी नावाखाली एक ओळ जोडून दिली:

```
Kale
uttalas: Karle
```

uttalas म्हणजे ‘उच्चार असा’. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला गेले, तेव्हा तिच्या शिक्षकांनी हजेरी घेताना पहिल्यांदाच तिला काळे म्हटलं. लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.