१२० गाठींची किंमत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑडिटचं शेवटचं काम चालू होतं. टेरी टॉवेल आणि चादरी विणणारी ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. वह्या नीटनेटक्या होत्या, प्रत्येक खर्चाचं व्हाउचर जागेवर होतं आणि करपूर्व नफा १४ लाख २० हजार दिसत होता. ३१ मार्चची मालमोजणी आमच्यासमोरच झाली होती आणि गाठींचा आकडाही जुळत होता. त्यामुळे एका दिवसात सही होईल, असंच सगळ्यांना वाटत होतं.

शिल्लक मालाच्या यादीत दोन मोठ्या ओळी होत्या. टॉवेल १२० गाठी, गाठीत १०० नग, म्हणजे १२,००० नग, दर १६५ रुपये, किंमत १९ लाख ८० हजार. चादरी १४० गाठी, गाठीत ५० नग, म्हणजे ७,००० नग, दर ३१० रुपये, किंमत २१ लाख ७० हजार. दोन्ही मिळून ४१ लाख ५० हजार. गुणाकार, बेरीज सगळं बरोबर.

तरीही त्या गाठी पुन्हा एकदा पाहाव्याशा वाटल्या, कारण मार्चमध्ये मोजलेल्या टॉवेलच्या गाठींपैकी बऱ्याच अजून तशाच पडून होत्या. निर्यातीचा माल अडीच महिने गोदामात थांबत नाही. एक गाठ सोडवून घेतली. टॉवेलच्या पट्टीत जकार्डवर परदेशी खरेदीदाराचं नाव विणलेलं होतं. छापलेलं नव्हे, विणलेलं, म्हणजे ते काढताही येत नाही. मुकादमानं सहज सांगितलं, "ती ऑर्डर फेब्रुवारीतच रद्द झाली की साहेब. आता यातला थोडा थोडा इथल्या व्यापाऱ्याला जातोय."

ऑफिसात येऊन फेब्रुवारीतला रद्द केल्याचा ई-मेल काढला आणि मे महिन्याची विक्री बिलं पाहिली. ३,००० नग १३२ रुपयांनी गेले होते. त्यातून नगामागे ४ रुपये दलाली आणि नव्यानं बांधणीचे. हातात १२८.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९ प्रमाणे वित्तीय विवरणपत्रांनी कंपनीच्या स्थितीचं खरं आणि वाजवी चित्र दिलं पाहिजे, आणि ती कलम १३३ खाली अधिसूचित लेखामानकांना धरून असली पाहिजेत. १९१३ च्या जुन्या कायद्यात 'खरं आणि अचूक' असे शब्द होते. १९५६ च्या कायद्यात 'अचूक'च्या जागी 'वाजवी' आलं. या यादीपुढे बसलं की तो बदल का झाला असेल ते समजतं. १६५ रुपये खरोखर खर्च झाले होते, म्हणजे आकडा अचूक होता. पण ताळेबंद वाचणारा बँक अधिकारी किंवा सूत उधारीवर देणारा व्यापारी १९ लाख ८० हजार वाचून समजणार की या मालातून निदान तेवढे पैसे येतील. ते येणार नव्हते. म्हणजे आकडा अचूक, पण त्यावरून होणारा समज चुकीचा.

इथे अंदाजानं किंमत कमी करून भागत नाही. किती कमी करायची हे माझ्या किंवा मालकांच्या मनावर ठेवलं, तर दर ऑडिटर वेगळा आकडा सांगेल. लेखामानक २ हेच ठरवून देतं: शिल्लक माल परिव्यय किंवा निव्वळ विक्रीमूल्य, यांपैकी जे कमी त्या किमतीला दाखवायचा. परिव्यय म्हणजे माल तयार करायला आलेला खर्च. निव्वळ विक्रीमूल्य म्हणजे नेहमीच्या व्यवहारात मिळणाऱ्या विक्रीच्या किमतीतून माल पुरा करण्याचा आणि विकण्याचा खर्च वजा करून उरेल ते.

पण आधी परिव्यय तरी बरोबर आहे का, ते पाहायला हवं होतं. अकाउंटंटनं १६५ ची फोड दिली: सूत १०८, रंगणी २२, विणाई-शिलाई २०, स्थिर कारखाना खर्च १५. शेवटच्या आकड्याशी थांबलो. शेडचं भाडं, मागांचा घसारा, सुपरवायझरचे पगार असा वर्षाचा स्थिर खर्च ६० लाख. तो त्या वर्षीच्या २ लाख किलो उत्पादनावर वाटला होता, किलोला ३० रुपये. टॉवेल अर्ध्या किलोचा म्हणून १५, चादर एक किलोची म्हणून ३०.

आधीच्या तीन वर्षांची उत्पादन रजिस्टरं मागवली. २ लाख ९० हजार, ३ लाख ५ हजार, पुन्हा ३ लाख ५ हजार किलो. सरासरी ३ लाख. त्या वर्षी ऑर्डरी कमी आल्या म्हणून माग बंद राहिले होते. लेखामानक २ सांगतं की स्थिर उत्पादन खर्च सामान्य क्षमतेवर वाटायचा, आणि उत्पादन घटलं म्हणून नगामागचा बोजा वाढवायचा नाही. वाटला न गेलेला भाग त्याच वर्षाचा खर्च. (उलट उत्पादन नेहमीपेक्षा फार जास्त झालं, तर दर खाली आणावा लागतो, नाहीतर माल परिव्ययापेक्षा जास्त किमतीला दिसेल.) कारण साधं आहे. बंद मागाचं भाडं टॉवेलात विणलं जात नाही. ते मालावर चढवलं तर मंदीचा तोटा गोदामात मालमत्ता होऊन बसतो, आणि धंदा जितका मंद तितका शिल्लक माल महाग दिसतो.

ही चूक पकडायला अवघड असते. आधीची तिन्ही वर्षं उत्पादन सामान्य पातळीवर होतं, म्हणून तीच वाटणीची पद्धत वापरूनही दर जवळपास बरोबर येत होता. उत्पादन कोसळलं त्याच वर्षी ती बिघडली. ओळखायची खूण म्हणजे नगामागचा स्थिर खर्च मागच्या वर्षापेक्षा एकदम वाढलेला असतो आणि एकूण स्थिर खर्च मात्र जवळपास तेवढाच.

किलोला २० रुपये धरल्यावर टॉवेलचा परिव्यय १६० झाला, चादरीचा ३००. एवढ्यानंच शिल्लक माल १ लाख ३० हजारांनी उतरला: टॉवेलवर ६०,०००, चादरीवर ७०,०००. मग टॉवेल १६० वरून १२८ वर आणायचे. नगामागे ३२, १२,००० नगांवर ३ लाख ८४ हजार.

मालक संध्याकाळी आले. कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "साहेब, चादरींत नफा आहे की. चादर ३७० ला जाते, खर्च वजा जाऊन. दोन्ही एकत्र धरा, मग तोटा कुठं राहतो?"

हिशोब त्यांनी बरोबर केला होता. एकत्र परिव्यय ४० लाख २० हजार, एकत्र निव्वळ विक्रीमूल्य ४१ लाख २६ हजार. पण तुलना वस्तूनिहाय करायची असते. सारख्या जातीचा, एकाच बाजारात जाणारा माल गटानं धरता येतो. परदेशी नावाचा टॉवेल आणि सोलापुरी चादर एका गटात बसत नाहीत. चादरीचा नफा अजून झालेलाच नाही, तो विकल्यावर होईल. टॉवेलचा तोटा मात्र फेब्रुवारीतच ठरला आहे. न झालेल्या नफ्यानं झालेला तोटा झाकला की दोन्ही गोष्टी वाचणाऱ्यापासून लपतात.

त्यांचा पुढचा प्रश्न जास्त मुद्द्याचा होता. "विक्री मे महिन्याची आहे. मग ती मार्चच्या हिशोबात कशी?"

याचं उत्तर लेखामानक ४ मध्ये आहे. ताळेबंदाच्या तारखेनंतरची घटना त्या तारखेला असलेल्या स्थितीचा पुरावा देत असेल, तर आकडे बदलायचे. ऑर्डर फेब्रुवारीत रद्द झाली होती, म्हणजे ३१ मार्चला हा माल बेवारशी होताच. मेच्या बिलानं फक्त त्याचा भाव सांगितला. हीच ऑर्डर मे महिन्यात रद्द झाली असती, तर ३१ मार्चला पक्का करार हातात होता आणि टॉवेलचं निव्वळ विक्रीमूल्य कराराच्या भावावरून धरलं असतं. मे महिन्यात गोदामाला आग लागली असती, तरी मार्चचे आकडे तसेच राहिले असते. ती नवी घटना, तिची माहिती संचालकांच्या अहवालात द्यायची.

त्यांची खरी काळजी बँकेची होती. कॅश क्रेडिटची उचल शिल्लक मालावर, २५ टक्के मार्जिन सोडून ठरत होती. माल ५ लाख १४ हजारांनी उतरला की उचल ३ लाख ८५ हजार ५०० नी कमी. ही अडचण मला समजत होती आणि तिची खंतही वाटत होती, पण बँकेनं तेवढं कर्ज नेमकं त्या नसलेल्या पैशावरच दिलं असतं.

थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "मग असं करा, सगळंच कमी धरा. सुताचा भाव पण पडलाय. यंदा वाईट दिसू दे, पुढच्या वर्षी चांगलं दिसेल."

हेही मान्य करता आलं नाही, आणि मला वाटतं 'वाजवी' या शब्दाची कसोटी इथेच लागते. सूत कच्चा माल आहे. त्यापासून होणारी चादर परिव्ययापेक्षा जास्त भावानं जात असेल, तर सुताचा बाजारभाव पडला तरी त्याची किंमत उतरवायची नाही. ३०० ची चादर ३७० ला जातेय, म्हणजे सुतातले पैसे परत येणार आहेत. दाबून ठेवलेली किंमत पुढच्या वर्षी नफा होऊन वर येते, आणि तो नफा त्या वर्षी कमावलेला नसतो. रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीनं १९२६ आणि १९२७ च्या हिशोबांत युद्धकाळात साठवलेल्या गुप्त राखीव निधीतून पैसे आणून खरा तोटा नफा म्हणून दाखवला होता. १९३१ साली लंडनमध्ये तिचे अध्यक्ष लॉर्ड किल्सँट आणि ऑडिटर दोघांवर खटला चालला. त्या हिशोबांच्या आरोपातून दोघेही सुटले, किल्सँटना शिक्षा झाली ती १९२८ च्या माहितीपत्रकामुळे. पण झाकलेल्या निधीनं वाचणारा किती फसू शकतो हे त्या खटल्यात उघड झालं.

रात्री आठला शेवटची यादी तयार झाली: टॉवेल १५ लाख ३६ हजार, चादरी २१ लाख, एकूण ३६ लाख ३६ हजार. करपूर्व नफा १४ लाख २० हजारांवरून ९ लाख ६ हजारांवर आला. एक तृतीयांशाहून जास्त फरक, त्यामुळे किरकोळ म्हणून सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता. आकडे बदलले नसते, तर अहवालात 'एवढी बाब सोडून हिशोब बरोबर' असं मर्यादित मत देऊन हीच रक्कम आणि तिचं कारण लिहावं लागलं असतं. मालकांनी सुधारलेल्या ताळेबंदावर सही केली. दुसऱ्या दिवशी बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही तेच दर घातले.

मुकादमाला एकच बदल सांगितला. गाठीच्या चिठ्ठीवर नग आणि वजनाबरोबर ऑर्डर कोणाची आणि ती चालू आहे की रद्द, हे लिहायचं. उरलेल्या गाठींवर त्यानं त्याच संध्याकाळी निळ्या खडूनं 'रद्द' लिहायला घेतलं होतं.