गुलाबाची फांदी शेंड्याकडून काळी पडू लागते तेव्हा : माझा अनुभव

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या चार फांद्यांच्या गुलाबाची एक फांदी गेली. ती रोगाने गेली हे खरे असले, तरी ती वाचवता येण्याचे दिवस मी एका सल्ल्यावर विसंबून वाट पाहण्यात घालवले, याची रुखरुख अजून मनातून जात नाही. दादरला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे आणि तिथे बारा इंची कुंडीत हा कलमी लाल गुलाब आहे. शेजारच्या कुंडीत जास्वंद आहे. दोन्ही झाडांच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडल्या होत्या, पण जास्वंदीचे काम एका दिवसात उरकले आणि गुलाबाचे काम महिनाभर चालले.

सुरुवात एका फुलापासून झाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात देवासाठी फूल काढताना मी ते स्वयंपाकघरातल्या कात्रीने, दोन डोळ्यांच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागांच्या, मधोमध कापले. त्यामुळे खालच्या डोळ्याच्या वर सुमारे दीड इंचाचे थोटूक उरले. डोळ्याच्या वरच्या थोटकाला पाने नसतात, त्याला अन्नरस पोहोचत नाही आणि ते वाळणारच असते. त्यात मुंबईच्या जुलैची संततधार आणि साध्या कात्रीने चेंगरलेली साल, म्हणजे बुरशीला आत शिरायला उघडे दारच मिळाले. आठ दिवसांत ते थोटूक काळपट तपकिरी झाले आणि पुढच्या आठवड्यात काळेपणा डोळा ओलांडून खाली उतरला. वाळलेल्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसत होते. ती बुरशीची बीजाणू तयार करणारी घरे असतात. या रोगाला डायबॅक किंवा शेंडेमर म्हणतात आणि गुलाबावर तो बहुतेक वेळा डिप्लोडिया नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी जखमेतून शिरते आणि अशक्त झाडात वेगाने पसरते.

जिथून झाड आणले होते त्या नर्सरीत मी फोटो घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी ठामपणे सांगितले, "ताई, पावसाळ्यात गुलाबाला कात्री लावायची नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबा." हा सल्ला चुकीचा नाही, पण तो दुसऱ्याच कामाचा आहे, आणि हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर ती फांदी आज असती. आपल्याकडे गुलाबाची वार्षिक छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास करतात. तीत निरोगी फांद्याही कमी करतात आणि झाडाला नव्याने फुटायला लावतात. भर पावसात अशी छाटणी केली तर एकाच वेळी अनेक उघड्या जखमा होतात, म्हणून ती टाळतात. मेलेला आणि रोगट भाग काढणे मात्र छाटणीच्या हंगामावर अवलंबून नसते. तो भाग दिसला त्याच आठवड्यात, पावसाची उघडीप मिळताच काढायला हवा, कारण बुरशी ऑक्टोबरची वाट पाहत नाही. मी मात्र जुलै संपेपर्यंत थांबले, आणि तोवर काळेपणा पाच इंच खाली आला होता.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी धीर करून फांदी कापली, पण तिथेच खरी अडचण सुरू झाली. बाहेरून जिथे काळी साल संपून हिरवी सुरू होत होती, त्याच्या अगदी अर्धा इंच खाली मी काप घेतला. साल हिरवी आहे म्हणजे फांदी निरोगी आहे, अशी माझी समजूत होती. सहा दिवसांनी त्या कापाचे तोंड पुन्हा काळे झाले. मी आणखी एक इंच कापले आणि चार दिवसांनी पुन्हा तेच झाले. प्रत्येक वेळी हिरवा भाग गमवावा लागत असल्याने मी हात आखडता घेत होते आणि त्यामुळेच प्रत्येक वेळी अधिक गमावत होते.

तिसऱ्या वेळी मी घाई न करता कापलेले तोंड खिडकीच्या उजेडात नीट न्याहाळले आणि मग सारे लक्षात आले. गुलाबाच्या फांदीचा आडवा काप घेतला की बाहेर साल, तिच्या लगेच आत ओलसर हिरवी कडा, मग फिकट पांढरट लाकूड आणि अगदी मध्यभागी मऊ गाभा दिसतो. निरोगी फांदीत हा गाभा पांढरा किंवा किंचित हिरवट असतो. माझ्या कापात साल हिरवी होती, लाकूडही बरे दिसत होते, पण गाभा चहाच्या रंगाचा होता. म्हणजे रोग बाहेरच्या रेषेच्या बराच पुढे, फांदीच्या आतून खाली गेला होता. मी पाहत होते साल, आणि पाहायला हवा होता गाभा.

त्यानंतर मी एकेक इंचाने खाली सरकत प्रत्येक काप पाहिला. पहिल्या कापात गाभा पूर्ण तपकिरी होता. दुसऱ्यात तपकिरी रंग एका बाजूला चंद्रकोरीसारखा उरला होता, आणि हीच फसवी जागा असते, कारण तीन चतुर्थांश तोंड स्वच्छ दिसते आणि थांबावेसे वाटते. तिसऱ्या कापात नजरेला डाग दिसला नाही, पण नखाने गाभा दाबल्यावर एका ठिकाणी तो भुसभुशीत लागला. चौथ्या कापात सगळे तोंड एकसारखे पांढरट, कडेला हिरवे आणि ओलसर होते. तिथेही न थांबता मी आणखी दोन इंच खाली गेले, कारण बुरशी दिसणाऱ्या डागाच्या पुढेही थोडी गेलेली असू शकते. शेवटचा काप बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या एका जाड डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर अंतरावर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतार देऊन घेतला. उतारामुळे पाणी डोळ्यावर न थांबता मागे ओघळते, आणि अंतर कमी असल्याने वाळायला थोटूक उरत नाही.

दुर्दैवाने हे एकेक इंचाचे काप मला तोवर लागण झालेल्या दुसऱ्या फांदीवर करता आले. पहिल्या फांदीत मी कापत कापत कलमाच्या जोडापर्यंत पोहोचले तरी गाभा तपकिरीच राहिला, म्हणून ती जोडापासून काढून टाकावी लागली. जोडाच्या खाली मात्र जायचे नसते, हे इथेच सांगून ठेवते. कलमी गुलाबात जोडाच्या खाली जंगली गुलाबाचा खुंट असतो. तिथून फुटणारा धुमारा जोमदार दिसतो, पण त्याला आपल्या गुलाबाचे फूल येत नाही आणि तो वरच्या कलमाचे अन्न खातो. असा धुमारा दिसला की माती बाजूला करून तो मुळापासून ओढून काढावा.

कात्रीचे मी आधीच सांगायला हवे होते. दोन वक्र पाती एकमेकींच्या बाजूने सरकतात असा सिकेटर घ्यावा, कारण तो फांदी चेंगरत नाही. प्रत्येक कापानंतर, एकाच फांदीवर काम चालू असले तरीही, पाती सत्तर टक्के अल्कोहोल असलेल्या स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसाव्यात. पहिल्या दोन वेळी मी हे केले नव्हते. रोगट लाकडातून निघालेले तेच पाते निरोगी लाकडात गेले, आणि दुसऱ्या फांदीला लागण कदाचित त्यातूनच झाली असावी.

कापलेल्या तोंडाला मी बोर्डो पेस्ट लावली. ती घरी करता येते. दहा ग्रॅम मोरचूद पन्नास मिलिलिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवायचा, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पन्नास मिलिलिटर पाण्यात विरवून गार होऊ द्यायचा आणि मग मोरचुदाचे पाणी ढवळत चुन्यात ओतायचे. लोखंडी भांडे वापरू नये आणि हातमोजे घालावेत. चकचकीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. पेस्ट त्याच दिवशी वापरावी, कारण ठेवली की तिचा गुण जातो. पेस्ट लावल्यावर दोन-तीन दिवस कापाला थेट पाऊस लागू नये म्हणून मी कुंडी आत हॉलमध्ये घेतली होती. त्यानंतर पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक फवारले. फवारणीने आधीच मेलेला भाग जिवंत होत नाही, ती फक्त नव्या जखमांचे रक्षण करते. कापून काढल्याशिवाय नुसते फवारत बसणे म्हणूनच व्यर्थ आहे.

आता मूळ कारणाकडे येते, कारण ते मला सर्वांत शेवटी सापडले. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कुंडीचे पाणी पडते अशी तक्रार आल्यापासून मी कुंडीखाली ताट ठेवले होते. पावसाळ्यात ते कायम भरलेले राहिले आणि मुळे पाण्यात बुडून अशक्त झाली. मी कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर ताटाच्या वर उचलली आणि ताट रोज सकाळी रिकामे करू लागले. काकूंचे कपडे कोरडे राहिले आणि मुळांनाही हवा मिळू लागली.

जास्वंदीचे सांगायचे राहिले. तिथे शेंड्याचे टोक काळे होऊन चार इंच वाळले होते. सासूबाई म्हणाल्या, "गणपतीत फुले लागतील गं, आत्ता कापू नकोस." पण काळ्या फांदीला फुले यायचीच नव्हती. मी नखाने साल खरवडत खाली गेले. जिथे सालीखाली ओलसर हिरवा थर लागला, त्याच्या खालच्या पानाच्या जागेवर कापले आणि आतले लाकूड पांढरे असल्याची खात्री केली. जास्वंद बुंध्याकडच्या झोपलेल्या डोळ्यांतूनही सहज फुटते आणि बहुतेक वेळा काडीपासून वाढवलेली असल्याने तिला कलमाची भीती नसते. सासूबाईंना गणपतीत बाकीच्या फांद्यांची फुले मिळाली.

कापलेल्या फांद्या मी कंपोस्टच्या डब्यात किंवा कुंडीत टाकल्या नाहीत. वाळलेल्या काडीवरच्या त्या काळ्या ठिपक्यांतूनच पावसात बीजाणू बाहेर पडतात, म्हणून त्या पिशवीत बांधून घराबाहेरच्या कचऱ्यात दिल्या.

दुसऱ्या फांदीच्या शेवटच्या कापाखालचा डोळा सोळाव्या दिवशी फुगला आणि त्यातून लालसर कोंब निघाला. कोवळा कोंब गुलाबात बहुतेक वेळा लालसरच असतो, पण तो पुन्हा काळा पडतो आहे असे वाटून मी सकाळी दोनदा बोट लावून पाहिले. तो मऊ आणि तजेलदार होता, आणि वरचे कापाचे तोंड अजून पेस्टच्या निळसर थराखाली कोरडे आणि फिकटच होते.