आमची वाटचाल : मास्तरांचा निरोप

आमच्या छापखान्याचे मशीनमन, ज्यांना आम्ही सारे मास्तर म्हणतो, येत्या एक तारखेपासून चाकणच्या एका खोकी बनवणाऱ्या कारखान्यात छपाई विभागाचे प्रमुख म्हणून रुजू होत आहेत. वडिलांनी ट्रेडलवर सुरू केलेल्या या छापखान्यात आम्ही दोन रंगांचे जुने ऑफसेट मशीन आणले, त्याच वर्षी ते आमच्याकडे आले. त्यापूर्वी आमची मजल लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके एवढीच होती. रंगीत कामात आमचे नाव झाले ते त्यांच्यामुळे. हे कसे झाले, ते एका कामावरून सांगतो.

दोन रंगांच्या मशीनवर चार रंगांचे काम करायचे, म्हणजे कागद दोनदा मशीनमधून काढावा लागतो. आमच्या पद्धतीत पहिल्या फेरीत काळा आणि निळा, दुसऱ्या फेरीत लाल आणि पिवळा. दोन फेऱ्यांच्या मधे कागद जरासा जरी वाढला, तरी रंग एकमेकांवर बसत नाहीत, आणि पावसाळ्यात कागद वाढतोच. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे छापायची वेळ नेमकी भाद्रपदातली.

अशाच एका भाद्रपदात घाई माझी होती. गोदामातून आलेले रीम मी संध्याकाळीच फोडायला लावले, रात्रीत पहिली फेरी उरकली आणि चार हजार ताव उघडेच ठेवून आम्ही घरी गेलो. सकाळी मास्तरांनी मशीन सुरू करून साठेक तावांतच थांबवले. मुखपृष्ठावरच्या बाईंच्या ओठांचा लाल रंग ओठांच्या खाली उतरला होता. मला वाटले प्लेट तिरकी बसली असेल, पण मास्तरांनी आधी थप्पीकडे बोट दाखवले. तिच्या कडांना लाटा आल्या होत्या. कोरड्या कागदाच्या कडा दमट हवेतले पाणी आधी पितात आणि फुगतात, मधला भाग मात्र तसाच राहतो, म्हणून त्या लाटा.

मग त्यांनी भिंग लावून रजिस्टरच्या फुल्या, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले की नाही हे दाखवणाऱ्या खुणा, पाहिल्या. मशीन ताव ज्या कडेला पकडते त्या ग्रिपरच्या बाजूच्या फुल्या तंतोतंत जुळत होत्या, समोरच्या टोकाच्या, म्हणजे शेपटीकडच्या, अर्ध्या मिलिमीटरने चुकत होत्या. प्लेट तिरकी असती तर ग्रिपरकडेही डाव्या-उजव्या फुल्यांत फरक दिसला असता. याचा अर्थ एवढाच होता, की पहिल्या फेरीची छपाई तावाबरोबर लांबली होती आणि दुसरी छपाईही तेवढीच लांबवणे भाग होते. त्यांनी सिलिंडरवर प्लेटखाली घातलेल्या कागदांच्या थरातला, म्हणजे पॅकिंगमधला, एक पातळ कागद काढला आणि तोच ब्लँकेटखाली, म्हणजे प्लेटवरची प्रतिमा कागदावर उतरवणाऱ्या रबरी चादरीखाली, घातला. प्लेटचा घेर किंचित कमी झाला की कागदावरची प्रतिमा तितकीच लांब उमटते, आणि काढलेला कागद ब्लँकेटखाली गेल्यामुळे दोहोंमधला दाब बदलत नाही. तो कागद साधारण आठ शतांश मिलिमीटर जाडीचा असावा. त्यानंतर शेपटीच्या फुल्या जुळल्या.

अर्थात याने सगळेच दुरुस्त होत नाही. कागद आडवा पसरला, तर शेपटीचे दोन्ही कोपरे बाहेर सरकतात आणि पॅकिंगने ते आवरत नाहीत. त्या दिवशीही कोपऱ्यांत थोडी चूक राहिली. मास्तरांनी चेहरा बरोबर जुळवून घेतला आणि चूक कोपऱ्यातल्या पानाफुलांच्या नक्षीत ढकलली. संपादकांनी अंक हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा चेहराच पाहिला. नक्षीकडे मी सोडून कोणी पाहिल्याचे मला तरी आठवत नाही.

त्यानंतर कागद खरेदीला मी एकटा कधीच गेलो नाही. मास्तर तावाचा एक तुकडा फाडून त्याची एक बाजू पाण्याने पुसत आणि तो कुठल्या दिशेने गुंडाळतो ते पाहत. जी नळी होते तिच्या लांबीच्या दिशेने तंतू, आणि कागद वाढतो तो तंतूंना आडवा. म्हणून तंतू सिलिंडरच्या लांबीला समांतर राहतील असाच ताव ते मागत, म्हणजे वाढ झालीच तरी ती पॅकिंगने सावरता येणाऱ्या दिशेने होते. दुकानदार हसत असत, पण तावाची दिशा विचारून मगच गठ्ठा काढू लागले होते. आता आमच्याकडे न फोडलेला रीम दोन दिवस मशीनच्या खोलीत राहतो आणि दोन फेऱ्यांच्या मधे थप्पी प्लॅस्टिकने झाकली जाते. त्यावरून त्यांची आणि माझी बोलाचालीही पुष्कळ झाली, कारण ते दोन दिवस मला गिऱ्हाइकाला सांगावे लागत.

चाकणला एकाच फेरीत चारही रंग छापणारे मशीन आहे आणि छपाईच्या खोलीतली हवाही नियंत्रित असते, त्यामुळे मास्तर, तुमची ही सारी विद्या तिथे रोज लागेल असे वाटत नाही. पगार बरा आहे, रात्रपाळी नाही, आणि तुमच्या गुडघ्यांना मशीनभोवतीची उठबस कमी होईल, याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद आहे. तिथे तुमच्या हाताखाली जी मुले येतील, त्यांना पहिल्या दिवशी तावाचा तुकडा ओला करायला लावा. भाद्रपदात दोन दिवस रजा मिळाली तर इकडे या, एसटीचे भाडे आणि जेवण छापखान्याकडे. पॅकिंगचे कागद तुमच्या खणात जसे होते तसेच ठेवले आहेत.