ऐंशी ऑर्डरी जास्त, तरी दोन्हीकडे घसरण

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ग्राहकांना आकडे दाखवते. राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात जाहिरातींचं काम चालतं, आणि त्यातल्या एका ग्राहकाचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे. माल कोल्हापुरात तयार होतो, पार्सलं मात्र बहुतेक पुण्या-मुंबईला जातात. जून आणि जुलै, दोन्ही महिन्यांत जाहिरातीवर बरोबर एक लाख खर्च झाला. जूनमध्ये ४०० ऑर्डरी आल्या, जुलैत नवा व्हिडिओ लावल्यावर ४८०. म्हणजे एका ऑर्डरीमागचा खर्च २५० वरून २०८ रुपयांवर आला. मालक खूश झाले. "ताई, नवा व्हिडिओ लई भारी चाललाय की!" असं म्हणत त्यांनी तोच व्हिडिओ दिवाळीपर्यंत ठेवायचं ठरवून टाकलं.

त्या दिवशी मीही हो म्हटलं. ते अजून मनातून जात नाही.

संध्याकाळी अहवाल फाईलला लावताना सवयीने प्रेक्षकांचे दोन गट वेगळे काढले. एक गट नव्या लोकांचा, ज्यांनी हा मसाला कधी घेतलेला नाही. दुसरा जुन्यांचा, म्हणजे आधी घेतलेले किंवा वेबसाइटवर येऊन गेलेले. नव्या माणसाकडून एक ऑर्डर मिळवायला जूनमध्ये ४०० रुपये लागत होते, जुलैत ५०० लागले. जुन्याकडून मिळवायला १०० लागत होते, ते १५० झाले. दोन्हीकडे महाग आणि एकत्र बघितलं तर स्वस्त. मला वाटलं, शीटमधलं सूत्र चुकलंय. दोनदा तपासलं, मग कॅल्क्युलेटर घेऊन कागदावर मांडलं. चूक नव्हती.

फरक पडला होता पैसे कुठे गेले त्यात. जूनमध्ये नव्यांवर ८० हजार खर्च होऊन २०० ऑर्डरी आल्या आणि जुन्यांवर २० हजारांत २००. जुलैत नव्यांवर फक्त ४० हजार गेले, ऑर्डरी आल्या ८०. जुन्यांवर ६० हजार गेले आणि ४०० आल्या. जुना माणूस महाग झाला तरी नव्यापेक्षा कितीतरी स्वस्तच राहतो. पैसा स्वस्त बाजूला सरकला की दोन्ही बाजू बिघडूनही सरासरी सुधारते. शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला संख्याशास्त्रात हे शिकले होते: सिम्पसनचा विरोधाभास. सिम्पसनचा लेख १९५१ चा, पण यूल यांनी १९०३ मध्येच हे दाखवलं होतं. परीक्षेत मी बर्कले विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांचं उदाहरण लिहिलं होतं. तिथे एकूण आकड्यात स्त्रियांना प्रवेश कमी दिसत होता, पण विभागवार पाहिलं की तो पक्षपात जवळजवळ नाहीसा होत होता, कारण स्त्रियांचे अर्ज जास्त करून प्रवेश अवघड असलेल्या विभागांत होते. त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले होते. स्वतःच्या टेबलावर मात्र तेच पुढे आलं आणि पहिल्या दिवशी मला ओळखता आलं नाही.

पैसा सरकवला कुणी? आधी आम्ही दोन्ही गटांचं बजेट हातानं वेगळं ठेवायचो. नवा व्हिडिओ लावला त्याच दिवशी आमच्या ऑफिसातल्या पोरानं दोन्ही गटांचं बजेट एकत्र करून कॅम्पेनच्या पातळीवर टाकलं. मग जाहिरातीची सिस्टिम स्वतः ठरवते आणि जिथे ऑर्डर स्वस्त मिळेल तिकडे पैसा लोटते. पोरगा हुशार आहे आणि त्याचा हेतूही चांगला होता. पण दोन बदल एकाच दिवशी करायचे नाहीत, हे मी त्याला बजावायला हवं होतं. शिवाय जाहिरातीच्या पॅनेलवर बेरजेचा आकडा आधी दिसतो आणि गट बघायला उकलून आत जावं लागतं. घाईत असलेला माणूस आत जात नाही, आणि आमच्या धंद्यात सगळेच घाईत असतात. ही मांडणी मला चुकीची वाटते.

मग विचार आला, नवा व्हिडिओ खरंच वाईट आहे का? इथे घाईनं निकाल देता येत नाही. जुन्यांचा गट लहान असतो. त्यांच्यावर तिप्पट पैसा ओतला की तीच माणसं तीच जाहिरात पुन्हा पुन्हा बघतात आणि पुढची प्रत्येक ऑर्डर महाग पडते. जुन्यांचे १०० चे १५० झाले त्यात व्हिडिओचा दोष किती आणि जास्तीच्या पैशाचा किती, हे या आकड्यांवरून सुटं करता येत नाही. नव्यांचं मात्र उलट आहे. तिथे पैसा निम्मा केला होता. कमी पैशात सिस्टिम आधी सोप्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचते, त्यामुळे खर्च उतरायला हवा होता. त्यात जुलैत आखाड आला होता, मटणाचे दिवस, मसाल्याला मागणी. तरीही ४०० चे ५०० झाले. व्हिडिओवर माझा संशय आहे तो या एका आकड्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या गोदामात गेले. मालकांच्या घरच्या, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्या पार्सलांची वही ठेवतात. रोजची प्रत्येक ऑर्डर त्यांच्या हातानं लिहिलेली, वेबसाइटची असो, फोनची असो नाहीतर व्हॉट्सॲपची. आम्ही दोघींनी मिळून मोजलं. जूनची एकूण पार्सलं ६९०, जुलैची ७०२. जाहिरातीच्या हिशेबात ऐंशी जास्त आणि वहीत बारा. बाकीची माणसं कुठून आली ते वहिनींनी बघताक्षणी सांगितलं. "या पुण्याच्या बाई दर महिन्याला व्हॉट्सॲपवर सांगायच्या. या वेळी वेबसाइटवरनं आली ऑर्डर." सिस्टिम जाहिरातीवर बोट लावल्यापासून सात दिवसांतली ऑर्डर स्वतःच्या नावावर धरते. नुसती जाहिरात दिसली आणि एक दिवसात ऑर्डर आली तरी धरते. जुनी गिऱ्हाइकं एरवीही घेणारच होती. आम्ही पैसे मोजून त्यांना दुसऱ्या दारानं आत आणलं.

मालकांसमोर हे सगळं मांडलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालं म्हणायचं की वाईट, तेवढं सांगा." मी म्हटलं, जुलैच्या लाखात पार्सलं कमी गेली नाहीत हे खरं. पण जूनमध्ये या जाहिरातीनं २०० नवी घरं जोडली होती, जुलैत ८० जोडली. मसाल्याचं पाकीट संपलं की तेच घर परत मागवतं, त्यामुळे या १२० घरांची उणीव पुढच्या महिन्यांत दिसेल. जूनसारखी वाटणी ठेवून जुलैचे दर लावले तर ४०० च्या जागी २९३ च्या आसपास ऑर्डरी येतात, तेही कागदावर दाखवलं. पण जुन्यांवर २० हजारच खर्च केले असते तर त्यांचा दर १५० झालाच नसता, तेव्हा हा आकडाही धरून चालू नका, हेही त्याच वाक्यात सांगितलं. ते सांगितलं नसतं तर मालक तोच आकडा घेऊन बसले असते.

आता बजेट परत वेगळं केलंय. नव्यांच्या गटात जुना आणि नवा व्हिडिओ सारख्या पैशात, एकाच दिवसापासून, चौदा दिवस चालणार आहेत. जुन्यांना दोन्हींपैकी एकही दाखवायचा नाही. आज सहावा दिवस. सकाळी वहिनींचा फोन आला होता. त्यांनी वहीत एक नवा रकाना पाडलाय, आणि पहिल्यांदा आलेल्या नावापुढे त्या लाल पेनानं खूण करतात. कालच्या दिवसात नऊ खुणा होत्या.