होल्डर टोचतो, बोटाने धरला तर दात लांब येतो

"मॅडम, दाताचा एक्स-रे काढताना फिल्मचा होल्डर लावला की पेशंटला टोचतं, ओकारी येते, बोटाने धरायला लावला तर दात लांबट येतो नाहीतर कोन कट येतो, मग पॅरललिंग करायची का बायसेक्टिंग?"

होल्डर बसत असेल तर पॅरललिंगच, म्हणजे फिल्म दाताला समांतर. आणि बहुतेक वेळा तो बसतो, फक्त आपण चुकीच्या जागी बसवायला जातो. वरच्या दातांना फिल्म दाताला चिकटवून उभी करायला गेलात तर टाळूचा उतार आडवा येणारच, मग ती टोचणार, पेशंट हलणार. तीच फिल्म मागे सरकवून टाळूच्या मधोमध न्या, तिथे उंची जास्त असते, फिल्म सरळ उभी राहते. दातापासून लांब गेली तर जाऊ दे, पॅरललिंगमध्ये ती लांब असणंच अपेक्षित आहे.

आता तुमचा दात लांब का येतो ते. बायसेक्टिंगमध्ये फिल्म दाताच्या कडेला टेकलेली आणि अपेक्सकडे लांब गेलेली, म्हणजे दात आणि फिल्म यांच्यात एक अँगल तयार होतो, त्या अँगलला मधोमध कापणारी रेषा मनात धरायची आणि बीम त्या रेषेला काटकोनात टाकायचा. 1907 मध्ये चेशिन्स्कीने मांडलेला हाच तो आयसोमेट्रीचा नियम. कागदावर एकदम सुंदर. तोंडात मात्र ती रेषा कुणालाच दिसत नाही, म्हणून आपण पाठ केलेले आकडे लावतो, वरच्या इन्सायझरला +40, कॅनाइनला +45, प्रीमोलरला +30, मोलरला +20. आणि हे आकडे कधी खरे, तर पेशंटची वरच्या दातांची चावण्याची पातळी जमिनीला समांतर असेल तेव्हाच! डायल जमिनीशी अँगल मोजतो, पेशंटच्या दाताशी नाही.

पेशंट काय करतो, "तोंड उघडा" म्हटलं की हनुवटी वर करून डोकं मागे टाकतो. समजा 10 अंश मागे टाकलं. तुमच्या डायलवर +40 च आहे पण दाताच्या हिशोबाने बीम आता +30 ने येतोय, म्हणजे जास्त आडवा. समजा वरचा सेंट्रल खरा 23 मिमीचा आहे आणि फिल्म दाताशी 40 अंशांत पडलीये, तर हा दात फिल्मवर जवळजवळ 26 मिमी दिसेल. उलट बीम 10 अंश जास्त उभा पडला तर तोच दात 20 च्या आसपास. म्हणजे एकाच दाताचे दोन एक्स-रे, सहा मिलिमीटरचा फरक, आणि मशीनवर सगळं बरोबर लावलेलं. मग आरसीटी करताना त्या 26 वर विश्वास ठेवून फाइल घातली की ती अपेक्सच्या बाहेर.

आणि आता हेच फिल्म पॅरलल असताना करून बघा. दात आणि फिल्म एकमेकांना समांतर असतील तर बीम वरखाली 10 अंश चुकला तरी लांबी जवळपास तेवढीच राहते, सावली फक्त फिल्मवर वर किंवा खाली सरकते, फार तर अपेक्स फिल्मच्या बाहेर जातो. पॅरललिंग श्रेष्ठ का, तर माझ्या मते हेच खरं कारण आहे, ती चूक पोटात घेते. होल्डरमध्ये फिल्म थोडी कलली तरी रिंगमुळे बीम फिल्मला काटकोनातच राहतो, तेव्हा दात लांब नाही, आखूड येतो, आणि 20 अंश कलली तरी साधारण सहा टक्केच. म्हणून होल्डर लावून दात आखूड दिसला तर मशीनकडे बघू नका, आत फिल्म पडलीये का ते बघा.

पॅरललिंगची किंमत एकच, फिल्म लांब गेल्यामुळे दात मोठा दिसतो, म्हणून तिथे लांब कोन, म्हणजे मशीनचं लांब नळकांडं हवं. फोकल स्पॉटपासून फिल्मपर्यंत 40 सेंमी आणि दात फिल्मपासून अडीच सेंमी धरा, तर दात सात टक्क्यांच्या आसपास मोठा येतो. छोट्या क्लिनिकमधल्या आखूड कोनवर हेच अंतर 20 सेंमी असेल तर चौदा टक्के, आपला 23 चा दात परत 26 च! पण हा 26 आणि मघाचा 26 वेगळा, आणि हे ओळखता यायलाच हवं. अंतरामुळे मोठा झालेला दात रुंदीतही वाढलेला असतो, सगळीकडून सारखा फुगलेला. अँगल चुकून लांबलेला दात मात्र फक्त उभा ताणलेला, रुंदी होती तेवढीच.

रबर डॅम, क्लॅम्प, फाइल बाहेर आलेली, अशा वेळी नेहमीचा होल्डर जात नाही. एंडोचा वेगळा होल्डर असेल तर तो वापरा, नसेल तर बायसेक्टिंग करावंच लागतं, चपटा टाळू आणि लहान मुलांतही. हरकत नाही, पण मग लांबीवर आंधळा विश्वास नको. फाइलची खरी लांबी तुम्हाला माहीत असतेच ना, 20 मिमीवर स्टॉपर लावलेली फाइल एक्स-रेवर 22.6 दिसतीये आणि दात 26, तर 20 गुणिले 26 भागिले 22.6, आला की नाही 23. कॅनाल फार वाकडा असेल तर हा हिशोब ढिला पडतो, आणि अपेक्स लोकेटर असेल तर त्याच्याशी जुळवून बघा. वरच्या मोलरला मात्र शक्यतो बायसेक्टिंग टाळाच, बीम जास्त उभा झाला की झायगोमाची सावली बरोबर मुळांच्या टोकांवर येऊन बसते, वर बकल मुळं आखूड आणि पॅलेटल लांब, कशावर काय मोजणार.

राहिला कोन कट. लक्षात घ्या, यात लांबी चुकलेली नसते, फक्त बीमचा मध्य फिल्मच्या मध्यावर आलेला नसतो. जिथे किरण पोचलेच नाहीत तो भाग पांढरा राहतो, आणि गोल कोनमुळे त्याची कड गोलाकार येते (रेक्टँग्युलर कॉलिमेटर असेल तर सरळ). आरव्हीजीवरही पांढराच दिसतो. पांढरा भाग ज्या बाजूला, कोन त्या बाजूला सरकवायचा, एवढंच, व्हर्टिकल अँगलला हात लावायचा नाही. बोटाने धरलेल्या फिल्मला हे सारखं होतं कारण फिल्म आत नेमकी कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही. होल्डर असूनही कोन कट आला तर बहुधा पुढच्या आणि मागच्या दातांच्या होल्डरचे भाग एकमेकांत मिसळलेले असतात, तोंडात घालायच्या आधी रिंगमधून बघा, फिल्म बरोबर मध्ये दिसली पाहिजे. आणि कोन कट येऊनही तुम्हाला हवा तो दात, अपेक्स आणि त्याच्या पलीकडचं दोन-तीन मिमी हाड स्पष्ट दिसत असेल, तर केवळ दिसायला वाईट म्हणून पेशंटला दुसरा एक्सपोजर देऊ नका.